फाइलमधले दुसरे चित्र : एम्बेडेड थंबनेलच्या अभ्यासाची प्रस्तावना

डिजिटल कॅमेऱ्याने काढलेले छायाचित्र आपण एकच चित्र समजून पाहतो. पण ज्या जेपेग फाइलमध्ये ते साठवलेले असते, तिच्यात बहुतेक वेळा दोन चित्रे असतात. एक मोठे, जे फाइल उघडताच पडद्यावर दिसते. दुसरे जेमतेम १६० पिक्सेल रुंद आणि १२० पिक्सेल उंच, फाइलच्या सुरुवातीच्या भागात ठेवलेले आणि सहसा कोणी मुद्दाम काढून न पाहिलेले. या दुसऱ्या चित्राला एम्बेडेड थंबनेल म्हणतात. ही दोन्ही चित्रे एकाच क्षणाची असायला हवीत. ती तशी नसतील, तर मधल्या काळात फाइलला कोणाचा तरी हात लागला आहे, हा या अभ्यासाचा पाया आहे.

हा पाया समजायला अवघड नाही, आणि त्यामुळेच नव्या अभ्यासकाला या विषयात पटकन रस वाटतो. एक आज्ञा द्यावी, लपलेले चित्र बाहेर यावे आणि त्यात मोठ्या चित्रात नसलेली वस्तू दिसावी, असा अनुभव कोणालाही उत्साहित करणारा आहे. वाचकांनी या उत्साहाचे स्वागतच करावे. मात्र या विषयाचे खरे काम त्यानंतर सुरू होते. दोन चित्रांत फरक आहे हे डोळ्यांना दिसते. तो फरक कोणत्या टप्प्यावर आला, दोहोंपैकी कोणते चित्र आधीचे, आणि फरकाचे साधे, निरुपद्रवी कारण असू शकते का, हे ठरवायला पद्धत लागते. पुढचे विवेचन त्या पद्धतीची ओळख करून देण्यासाठी आहे.

सुरुवात थंबनेल फाइलमध्ये आले कसे येथून करू. १९९० च्या दशकातल्या डिजिटल कॅमेऱ्यांचे प्रोसेसर मंद होते आणि मागचा पडदा लहान. कार्डवरची छायाचित्रे चाळताना प्रत्येक मोठे चित्र उलगडून ते लहान करून दाखवणे त्या यंत्रांना जड जाई. म्हणून छायाचित्र साठवतानाच त्याची छोटी आवृत्तीही तयार करून त्याच फाइलमध्ये ठेवायची सोय झाली. जपानमधल्या जेईआयडीए या उद्योगसंघटनेने १९९५ मध्ये एक्झिफ हे मानक प्रसिद्ध केले. तारीख, शटरचा वेग, कॅमेऱ्याचे मॉडेल या माहितीबरोबर थंबनेल कोठे आणि कसे ठेवायचे हेही त्यात आले. १९९८ मध्ये आलेल्या डीसीएफ या सोबतच्या नियमावलीने थंबनेलचा आकार १६० गुणिले १२० असा ठरवून दिला. आज मोबाइलच्या प्रोसेसरला ही मदत लागत नाही, तरी प्रथा टिकली आहे. ॲपलच्या फोनमुळे परिचित झालेल्या हाइक फायलींतही, रचना वेगळी असली तरी, थंबनेलची जागा आहे.

ही सोय करणाऱ्यांच्या मनात पुराव्याचा विचार नव्हता. पुरावा निर्माण झाला तो सॉफ्टवेअरच्या निष्काळजीपणामुळे. छायाचित्र उघडून त्यात बदल करणाऱ्या अनेक प्रोग्रामांनी मोठे चित्र नवे लिहिले, पण एक्झिफचा भाग जसाच्या तसा उचलून नव्या फाइलमध्ये ठेवला. त्याबरोबर जुने थंबनेलही आले. पावतीपुस्तकात ग्राहकाला दिलेल्या पावतीवरचा आकडा नंतर कोणी बदलला, तरी पुस्तकातली स्थळप्रत जुनाच आकडा दाखवत राहते, तसा हा प्रकार आहे. स्टीव्हन मर्डॉक आणि मॅक्सिमिलियन डॉर्नसाइफ या दोघांनी २००४ च्या अखेरीस बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये प्रकाशित फायलींतल्या लपलेल्या माहितीवर व्याख्यान दिले. इंटरनेटवरच्या जेपेग फायलींतली थंबनेल त्यांच्या मुख्य चित्रांशी ताडून पाहणे हा त्यातला एक भाग होता. कापून टाकलेले आणि झाकलेले बरेच काही छोट्या चित्रात शाबूत राहते, हे त्यातून लोकांसमोर आले.

आता फाइलच्या आत जाऊ. वाचकांनी रचनेचा हा थोडासा भाग शांतपणे वाचावा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. जेपेग फाइल `FF D8` या दोन बाइटांनी सुरू होते. त्यानंतर लवकरच `FF E1` ही खूण येते. एक्झिफचा कप्पा तेथून सुरू होतो. या कप्प्यात माहितीच्या याद्या असतात. पहिली यादी, `IFD0`, मुख्य चित्राविषयी बोलते. दुसरी, `IFD1`, थंबनेलविषयी. या दुसऱ्या यादीत दोन नोंदी महत्त्वाच्या: थंबनेल कप्प्यात कितव्या बाइटपासून सुरू होते आणि ते किती बाइटांचे आहे. त्या जागी जाऊन पाहिले तर तेथे पुन्हा `FF D8` दिसतो. म्हणजे थंबनेल हे स्वतः एक पूर्ण, स्वतंत्र जेपेग चित्र आहे. त्याची संपीडनाची कोष्टके वेगळी, त्याची गुणवत्ता वेगळी.

या रचनेतून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की या कप्प्याची लांबी दोन बाइटांत लिहिली जाते, म्हणून तो ६५,५३५ बाइटांपेक्षा मोठा होऊ शकत नाही. थंबनेल लहान आणि बऱ्यापैकी दाबलेले असण्याचे हे एक कारण आहे, आणि त्याच्याकडून किती तपशिलाची अपेक्षा करावी याची मर्यादाही तेथेच ठरते. दुसरी अशी की थंबनेल आणि मुख्य चित्र यांना जोडणारा कोणताही धागा फाइलमध्ये नसतो. एक बदलले तर दुसरे आपोआप बदलत नाही. लिहिणाऱ्या प्रोग्रामने ते बदलावे लागते. विसंगती शक्य होते ती यामुळे. खोटी विसंगती रचणेही यामुळेच शक्य होते. त्याकडे पुढे येऊच.

एक सावधगिरी येथेच सांगायला हवी. विंडोजच्या फोल्डरमध्ये जी छोटी चित्रे दिसतात ती बहुधा संगणकाने स्वतः साठवलेल्या वेगळ्या संग्रहातली असतात. जुन्या विंडोजमध्ये हा संग्रह `Thumbs.db` या फाइलमध्ये असे. तोही तपासाचा विषय आहे, पण तो त्या संगणकाविषयी बोलतो. आपण ज्याचा विचार करत आहोत ते थंबनेल छायाचित्राच्या फाइलमध्येच असते आणि फाइल जाईल तेथे तिच्याबरोबर जाते. नवख्या अभ्यासकाकडून या दोहोंची गल्लत सहज होते.

थंबनेल बाहेर काढण्यासाठी फिल हार्वे यांचा एक्झिफटूल हा मोफत प्रोग्राम या क्षेत्रात सर्वत्र वापरला जातो. पण पहिली आज्ञा त्याची नसावी. आधी मूळ फाइलचा हॅश नोंदवा, तिची प्रत करा आणि पुढचे काम फक्त प्रतीवर करा. फाइल नुसती पाहताना चित्र आडवे दिसले म्हणून कोणी बटण दाबून ते फिरवले, तर काही प्रोग्राम फाइल नव्याने लिहितात आणि आपण शोधत असलेली खूणच पुसली जाते.

```
sha256sum DSC_0412.JPG
exiftool -a -G1 -s DSC_0412.JPG > mahiti.txt
exiftool -b -ThumbnailImage DSC_0412.JPG > thumb.jpg
```

दुसऱ्या ओळीने फाइलमधली सगळी नोंदवलेली माहिती, कोणत्या कप्प्यातून आली त्याच्या नावासह, एका मजकूर फाइलमध्ये येते. ती पूर्ण वाचा, कारण थंबनेल एकच असेल असे नाही. काही कॅमेरे उत्पादकाच्या खास कप्प्यात `PreviewImage` नावाचे आणखी मोठे चित्र ठेवतात, आणि फोटोशॉप आपल्या स्वतंत्र कप्प्यात `PhotoshopThumbnail` ठेवते. अशी तीन-तीन छोटी चित्रे मिळाली आणि त्यांतले एकच वेगळे निघाले, तर कोणत्या प्रोग्रामने काय बदलले आणि काय तसेच सोडले याचा क्रम लावता येतो.

पद्धत प्रत्यक्ष कशी चालते हे एका रचलेल्या उदाहरणातून पाहू. दोन शेतकऱ्यांमध्ये बांधावरून वाद आहे. एकाचे म्हणणे, बांधावर बाभळीचे जुने झाड होते आणि ते दुसऱ्याने तोडले. दुसरा एक छायाचित्र पुढे करतो. फाइलमधली तारीख वादाच्या आधीची आहे आणि चित्रात बांध मोकळा दिसतो. छायाचित्र २४ मेगापिक्सेलच्या डीएसएलआर कॅमेऱ्याचे, ६००० गुणिले ४००० पिक्सेलचे आहे. थंबनेल काढून पाहिले तर उजव्या बाजूला, बांधाच्या रेषेवर, एक गडद आकार दिसतो.

तुलना करण्याआधी दोन्ही चित्रे एका मापात आणावी लागतात. मुख्य चित्राचे प्रमाण ३:२ आहे आणि थंबनेलचे ४:३. अशा वेळी कॅमेरे चित्र ताणत नाहीत. वर आणि खाली काळ्या पट्ट्या ठेवतात. १६० पिक्सेल रुंदीला ३:२ प्रमाणात सुमारे १०७ पिक्सेल उंची येते, म्हणजे वर-खाली मिळून तेराएक ओळी काळ्या. आपल्या थंबनेलमध्ये प्रत्येक बाजूला सात ओळी सोडून मधल्या १०६ घेऊ, मुख्य चित्र तेवढेच लहान करू आणि दोहोंची वजाबाकी करू.

```
magick thumb.jpg -crop 160x106+0+7 +repage t.png
magick DSC_0412.JPG -resize 160x106! m.png
magick t.png m.png -compose difference -composite farak.png
```

वजाबाकीचे चित्र कधीही पूर्ण काळे येत नाही. थंबनेल कॅमेऱ्याने वेगळ्या रीतीने लहान केलेले असते, त्याच्या कडा थोड्या जास्त तीक्ष्ण केलेल्या असतात आणि ते जास्त दाबलेले असते. त्यामुळे झाडांच्या फांद्या, डोंगराची कड अशा ठिकाणी सर्वत्र फिकट रेघा उमटतात. वाचकांनी अशा रेघांवर लक्ष अडकू देऊ नये. पाहायचे ते हे की फरक एका जागी साचून आला आहे का. आपल्या उदाहरणात तो साचला आहे: सुमारे १६ पिक्सेल रुंद आणि २४ पिक्सेल उंच असा एक ठळक डाग, बाकी सर्वत्र फिकट जाळे.

आता मापे मुख्य चित्रावर नेऊ. ६००० ला १६० ने भागले की ३७.५ येतात, म्हणजे थंबनेलचा एक पिक्सेल मुख्य चित्रातल्या साधारण ३७ ते ३८ पिक्सेल रुंद चौकोनाच्या जागी आहे. डाग थंबनेलच्या ९२ व्या स्तंभापासून सुरू होत असेल, तर मुख्य चित्रात तपासायचा भाग आडव्या दिशेने ३४५० ते ४०५० असा, ६०० पिक्सेलांचा येतो, आणि उंची सुमारे ९०० पिक्सेलांची. दोन्ही बाजूंना एकेका थंबनेल-पिक्सेलची, म्हणजे चाळीसएक पिक्सेलांची चूक गृहीत धरायची. आता मुख्य चित्र पूर्ण आकारात उघडून नेमका हाच भाग पाहता येतो. ढेकळांचा किंवा गवताचा तोच नमुना शेजारी पुन्हा आला आहे का, नसलेल्या झाडाची सावली जमिनीवर राहून गेली आहे का, हे शोधायला आता जागा ठरलेली आहे. थंबनेलचा सर्वांत मोठा उपयोग हाच: अडीच कोटींच्या आसपास पिक्सेलांत कोठे पाहायचे ते ते सांगते.

यानंतरचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. थंबनेल याच छायाचित्राचे आहे, की त्याच जागी काढलेल्या दुसऱ्या एखाद्या छायाचित्राचे? यासाठी फरक असलेला भाग सोडून बाकीच्या चित्राकडे वळायचे. ढगांच्या कडा, दूरच्या टेकडीची रेषा, रस्त्यावरून जाणारा सायकलस्वार ही सगळी दोन्ही चित्रांत पिक्सेलागणिक एकाच जागी असतील, तर दोन्ही एकाच वेळी एकाच क्लिकने आलेली आहेत. ढग काही मिनिटांतच सरकतो, सायकलस्वार त्याहून लवकर. ही जुळणी पक्की झाली की शक्यता दोनच उरतात: झाड मुख्य चित्रातून काढले गेले, किंवा थंबनेलमध्ये घातले गेले.

दुसरी शक्यता विचित्र वाटली तरी ती सोडून देता येत नाही. ज्या एक्झिफटूलने थंबनेल बाहेर काढले तेच ते आत लिहूही शकते, आणि त्यासाठी एक ओळ पुरते. म्हणून दोन्ही चित्रांची जन्मखूण तपासायची. जेपेग चित्र दाबताना वापरलेली क्वांटायझेशन कोष्टके फाइलमध्येच लिहिलेली असतात, आणि ती कॅमेऱ्यागणिक व सॉफ्टवेअरगणिक वेगळी असतात. त्याच मॉडेलच्या कॅमेऱ्याने, त्याच गुणवत्तेवर काही नवी छायाचित्रे काढून घ्या. वादातल्या फाइलमधल्या थंबनेलची कोष्टके आणि काळ्या पट्ट्यांची मांडणी या नमुन्यांशी जुळली, पण मुख्य चित्राची कोष्टके जुळली नाहीत, तर थंबनेल कॅमेऱ्यातून आल्यावर तसेच राहिले आणि मुख्य चित्र नंतर दुसऱ्या प्रोग्रामने पुन्हा लिहिले, हा क्रम सर्वांत सुसंगत ठरतो. उलटे आढळले तर संशय थंबनेलवर जातो.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट घालू, म्हणजे मर्यादाही दिसेल. समजा पहिल्या शेतकऱ्याचे असेही म्हणणे आहे की बांधावरचा हद्दीचा दगडही चित्रातून काढला आहे. तो दगड मुख्य चित्रात ६० पिक्सेलांचा असता. थंबनेलमध्ये तो दीड-पावणेदोन पिक्सेल व्यापेल. शिवाय जेपेग चित्र आठ गुणिले आठ पिक्सेलांच्या ठोकळ्यांत दाबले जाते. थंबनेलचा असा एक ठोकळा मुख्य चित्रातल्या ३०० गुणिले ३०० पिक्सेलांएवढा भाग सांभाळतो. एवढ्या दाबलेल्या ठोकळ्यात दीड पिक्सेलाचा दगड होता की नव्हता, हे सांगता येत नाही. रंगाची माहिती तर त्याहूनही विरळ साठवलेली असते, म्हणून लहान वस्तूच्या रंगावर भिस्त ठेवू नये. झाडाविषयी बोलणारे थंबनेल दगडाविषयी गप्प आहे, आणि अभ्यासकानेही त्याविषयी गप्प राहावे.

आता निरुपद्रवी फरकांकडे. व्यवहारात भेटणाऱ्या विसंगतींत त्यांची संख्या मोठी असते. सर्वांत नेहमीचा प्रकार फिरवण्याचा. उभे छायाचित्र काही प्रोग्राम गुणवत्ता न घालवता फिरवतात आणि एक्झिफ तसेच सोडतात. मग मुख्य चित्र उभे आणि थंबनेल आडवे राहते. कधी चित्राचे पिक्सेल फिरवलेले नसतात, फक्त `Orientation` ही नोंद बदललेली असते. तुलना करण्याआधी दोन्ही चित्रे एका दिशेला आणली की हा फरक मिटतो. दुसरा प्रकार कडा कापण्याचा. वृत्तपत्राच्या कार्यालयात जागेत बसवण्यासाठी रोज छायाचित्रे कापली जातात. तेथे विसंगती खरी आहे, संपादनही खरे आहे, पण फसवणूक नाही. तिसरा प्रकार आपल्याकडे सरकारी कामांच्या छायाचित्रांमुळे वाढला आहे: चित्रावर अक्षांश-रेखांश, तारीख आणि नकाशा छापणारी ॲप. हा शिक्का चित्र साठवल्यानंतर उमटवलेला असेल, तर थंबनेल बिनशिक्क्याचे राहू शकते.

याच्या उलट बाजूला एक मोह आहे आणि तो अधिक धोक्याचा. थंबनेल मुख्य चित्राशी तंतोतंत जुळले की छायाचित्र अस्सल, असे मानण्याचा तो मोह. फोटोशॉप किंवा लाइटरूमसारखे प्रोग्राम फाइल साठवताना थंबनेल नव्याने बनवतात. त्यांनी बदललेल्या चित्रातून बनवलेले थंबनेल बदललेल्या चित्राशी जुळणारच. म्हणून जुळणी आढळली की प्रश्न असा विचारावा: हे थंबनेल बनवले कोणी? याचे उत्तर कधीकधी नुसत्या डोळ्यांनी मिळते. ३:२ छायाचित्र देणारा कॅमेरा काळ्या पट्ट्यांसह १६० गुणिले १२० चे थंबनेल ठेवतो, हे नमुन्यांवरून माहीत आहे. आणि समोरच्या फाइलमध्ये पट्ट्या नसलेले १६० गुणिले १०७ चे थंबनेल आहे. मग चित्रे एकमेकांशी कितीही जुळोत, ती फाइल कॅमेऱ्यातून थेट आलेली नाही.

याच विचाराला शास्त्रीय रूप दिले ते एरिक की आणि हॅनी फरीद यांनी. २०१० च्या त्यांच्या निबंधात त्यांनी थंबनेल बनण्याची प्रक्रियाच गणिताने मांडली: मोठे चित्र किती धूसर करून लहान केले, नंतर किती तीक्ष्ण केले, उजेड आणि काँट्रास्ट किती बदलला, शेवटी किती दाबले. मुख्य चित्र आणि थंबनेल दोन्ही हाताशी असल्याने ही मूल्ये उलट्या दिशेने काढता येतात. ती मूल्ये कॅमेरा उत्पादकांमध्ये आणि संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठळकपणे वेगळी असतात, असे त्यांना आढळले. म्हणजे दोन चित्रे जुळली तरी ती कोणत्या रीतीने जुळली आहेत यातच थंबनेल बनवणाऱ्याची ओळख असते. फरक शोधण्यापुरता वाटणारा हा विषय येथे बराच खोल जातो, आणि ज्यांना गणिताची आवड आहे त्यांनी पुढचा अभ्यास याच वाटेने करावा.

थंबनेल मुळातच नसेल तर? आजच्या काळात हेच सर्वाधिक वेळा घडते. व्हॉट्सॲपवर छायाचित्र नेहमीच्या पद्धतीने पाठवले की ते पुन्हा दाबले जाते आणि एक्झिफ निघून जाते; त्याबरोबर थंबनेलही. अशा फाइलमध्ये थंबनेल नसणे संशयास्पद नाही, ते पाठवण्याच्या मार्गाचे चिन्ह आहे. तेच छायाचित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर फाइल जशीच्या तशी पोहोचते. म्हणून कोणी तपासणीसाठी छायाचित्र आणले, तर पहिला प्रश्न चित्राविषयी नसावा. ही फाइल तुमच्याकडे कशी आली, आणि कार्डवरची किंवा फोनमधली मूळ फाइल मिळेल का, हे विचारावे. तुमचे निम्मे यश या उत्तरावर ठरते.

मूळ फाइलचा हा आग्रह कायद्याशीही जुळतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्याच्या नमुन्यात फाइलचा हॅश नोंदवायची जागा आहे. आधीच्या कायद्यातल्या अशाच प्रमाणपत्राची आवश्यकता सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ज्या प्रकरणात स्पष्ट केली, ते जालना मतदारसंघाच्या निवडणुकीतून आलेले होते. पहिल्याच पायरीवर हॅश नोंदवण्याची सवय लावून घेतली, तर तुम्ही तपासलेली फाइल आणि न्यायालयापुढे आलेली फाइल एकच, हे नंतर दाखवता येते.

या अभ्यासाला एक नैतिक बाजूही आहे. थंबनेलमध्ये जे उरते ते कधीकधी कोणीतरी योग्य कारणासाठी काढून टाकलेले असते: कडेला उभे असलेले मूल, पीडितेचा चेहरा, घराचा क्रमांक. कापणाऱ्याचा हेतू लपवाछपवीचा नसून संरक्षणाचा होता, पण प्रोग्रामने ते पुरे होऊ दिले नाही. तपासाच्या कामाशी संबंध नसलेले असे काही हाती आले, तर ते अहवालात चित्ररूपाने देऊ नये आणि इतरांना दाखवू नये. आणि तुम्ही स्वतः छायाचित्रे प्रसिद्ध करत असाल, तर प्रसिद्धीआधी स्वतःच्या फायलींची थंबनेल एकदा काढून पाहावी.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकांनी सुरुवात वादातल्या फायलींपासून करू नये. स्वतःच्या कॅमेऱ्याची किंवा फोनची थेट आलेली छायाचित्रे घ्यावीत, त्यांची थंबनेल काढावीत, पट्ट्या मोजाव्यात. मग तीच छायाचित्रे हाताशी असलेल्या प्रत्येक प्रोग्राममध्ये उघडून कापावीत, फिरवावीत, पुन्हा साठवावीत, आणि दर वेळी थंबनेलचे काय झाले ते वहीत लिहावे. कोणता प्रोग्राम ते तसेच सोडतो, कोणता नवे बनवतो, कोणता काढून टाकतो, याची स्वतः केलेली नोंद पुढे नेहमी उपयोगी पडते. आवृत्ती बदलली की वागणूक बदलते, म्हणून नोंदीत आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख असावी.

आणि शेवटी अहवालातले वाक्य कसे लिहायचे ते. बांधाच्या उदाहरणात ‘छायाचित्र बनावट आहे’ असे लिहिण्याचा मोह होईल. त्याऐवजी असे लिहावे: ‘फाइलमधल्या थंबनेलमध्ये बांधावर सुमारे १६ गुणिले २४ पिक्सेलांचा गडद आकार आहे, मुख्य चित्रात त्या जागी तो नाही. चित्राचा उर्वरित भाग दोन्हींत जुळतो. थंबनेलची रचना त्याच मॉडेलच्या नमुना छायाचित्रांशी जुळते, मुख्य चित्राची जुळत नाही. म्हणून मुख्य चित्र कॅमेऱ्यातून आल्यानंतर या भागात बदलले गेले, असा निष्कर्ष निघतो. तो आकार झाडाचाच आहे किंवा कसे, आणि बदल कोणी केला, हे या फाइलवरून ठरत नाही. हद्दीच्या दगडाविषयी थंबनेलवरून काही सांगता येत नाही.’ यातले प्रत्येक वाक्य उलटतपासणीत टिकते, कारण प्रत्येकामागे दुसऱ्या कोणालाही पुन्हा करून पाहता येईल अशी एक कृती आहे.